डीएलपी संपली, आता रिटेन्शन मागायचं: कच्च्या मसुद्याचं पक्कं पत्र कसं करावं

छोट्या ठेकेदारांची बिलं आणि पत्रं तयार करण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्यात सगळ्यांत जास्त पैसे अडकलेले पाहिले ते रिटेन्शनमध्ये, म्हणजे बिलातून राखून ठेवलेल्या रकमेत. काम नीट झालेलं असतं, डीएलपी म्हणजे दोष दायित्व कालावधीही संपलेला असतो आणि पैसे देय आहेत हे दोन्ही बाजूंना माहीत असतं. तरी रक्कम सुटत नाही, कारण मागणीचं पत्र वाचून सही करणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही.

हा लेख एकाच प्रकारच्या कामाबद्दल आहे: हाउसिंग सोसायटीच्या इमारतीची मोठी दुरुस्ती, म्हणजे स्ट्रक्चरल रिपेअर, बाहेरचं प्लास्टर, गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि रंग. अशा कामात हमखास एक गोष्ट घडते. काम सुरू होतं तेव्हाची कमिटी आणि रिटेन्शन सोडायच्या वेळची कमिटी वेगळी असते. नव्या खजिनदाराने ना करार पाहिलेला असतो ना साइट. तुमचं पत्र त्याच्या हातात पडणार आहे. म्हणून पत्र लिहिताना ओळखीचे जुने चेअरमन डोळ्यांपुढे आणू नका. फाइल पहिल्यांदाच उघडणारा आणि चेकवर सही करताना सोसायटीच्या ऑडिटरचा विचार करणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवा.

कच्चा मसुदा

उदाहरणासाठी एक काम घेऊ. आकडे आणि कलमं या लेखापुरती ठरवली आहेत, पण मसुदा मात्र मला नेहमी येतो तसाच आहे:

> मा. चेअरमन साहेब,
> विषय : रिटेन्शन मिळणेबाबत.
> वरील विषयास अनुसरून कळवितो की, आपल्या सोसायटीचे काम आम्ही अत्यंत उत्तम दर्जाचे करून दिलेले आहे. काम पूर्ण होऊन एक वर्ष झाले आहे. आमचे रिटेन्शनचे अंदाजे ४,५०,००० रुपये येणे बाकी आहेत. मटेरियलवाल्यांची देणी असल्याने आम्ही फार अडचणीत आहोत. वारंवार फोन करूनही दाद मिळत नाही. तरी लवकरात लवकर पैसे देऊन सहकार्य करावे, अन्यथा कायदेशीर कारवाई करावी लागेल.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. पण खजिनदाराला हवं ते यात काहीच नाही. किती रक्कम, कुठल्या कलमाने, कुठल्या तारखेपासून देय आणि त्याला पुरावा काय, हे चार प्रश्न उघडेच राहतात. उलट मटेरियलवाल्यांच्या देण्याचा उल्लेख आल्यामुळे हक्काची रक्कम मदत मागितल्यासारखी वाटते. शेवटच्या ओळीतल्या कारवाईला ना तारीख आहे ना आधार, त्यामुळे तिचं वजनही पडत नाही.

आधी करार उघडा, आणि पूर्ण उघडा

बहुतेक जण फक्त रिटेन्शनचं कलम पाहतात. ते एकटं कधीच पुरत नाही. रिटेन्शन कधी सुटणार हे डीएलपीवर ठरतं, डीएलपी कधी सुरू झाली हे काम पूर्ण झाल्याच्या व्याख्येवर ठरतं, आणि रक्कम कापता येईल का हे दोष दुरुस्तीच्या कलमावर ठरतं. ही सगळी कलमं एका कागदावर उतरवून घ्या. करार इंग्रजीत असेल तर शब्द इंग्रजीतच, जसेच्या तसे घ्या. अर्थ खाली मराठीत लिहा.

आपल्या उदाहरणात कलमं अशी आहेत. कलम १४ : प्रत्येक बिलातून ५ टक्के रिटेन्शन, निम्मं फायनल बिलाबरोबर परत, उरलेलं निम्मं डीएलपी संपल्यापासून ३० दिवसांत, लेखी कळवलेले सर्व दोष दुरुस्त झाल्याचं कन्सल्टंटने प्रमाणित केल्यावर. कलम २२ : डीएलपी १२ महिने, व्हर्च्युअल कम्प्लिशनच्या, म्हणजे काम व्यवहारात पूर्ण झाल्याच्या तारखेपासून. कलम २३ : दोष लेखी कळवायचा, ठेकेदाराने १५ दिवसांत दुरुस्त करायचा, न केल्यास सोसायटी दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च रिटेन्शनमधून वळता करेल. कलम ३१ : गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची ७ वर्षांची हमी, स्टॅम्प पेपरवर.

आता कलम १४ पुन्हा सावकाश वाचा. त्यात तीन अटी आहेत. डीएलपी संपलेली हवी, लेखी कळवलेले दोष दुरुस्त झालेले हवेत आणि तसं कन्सल्टंटचं प्रमाणपत्र हवं. पक्क्या पत्राचा सांगाडा याच तीन अटींचा असतो. प्रत्येक अटीसमोर एक तारीख आणि एक कागद मांडायचा.

तारीख कुठून मोजायची

‘एक वर्ष झाले’ हे शब्द पत्रात नकोत. आपल्या उदाहरणात व्हर्च्युअल कम्प्लिशन सर्टिफिकेटवर सही आहे २ एप्रिल २०२४ ची, पण आत लिहिलंय की काम १८ मार्च २०२४ रोजी पूर्ण झालं. कलम २२ पूर्णत्वाच्या तारखेपासून मोजायला सांगतं, सर्टिफिकेटवरच्या सहीपासून नव्हे. म्हणून डीएलपी १८ मार्च २०२५ ला संपते. फरक पंधरा दिवसांचाच आहे, पण तुम्ही हे लिहिलं नाही तर समोरचा २ एप्रिल धरेल आणि तुमचं पत्र मुदतीआधी आलं म्हणून बाजूला ठेवेल.

‘पासून’ म्हणताना पहिला दिवस धरायचा की सोडायचा यावर वाद घालण्यात काही हशील नाही. दोन दिवस थांबून २० मार्चला पत्र द्या, म्हणजे दोन्ही मोजण्यांनी मुदत उलटलेली असेल.

रक्कम : बिलागणिक मांडा

मसुद्यातले साडेचार लाख कुठून आले असं ठेकेदाराला विचारलं. त्याने कराराची रक्कम १ कोटी ८० लाख धरली, तिचे ५ टक्के ९ लाख काढले आणि निम्मे केले. पण रिटेन्शन कापलं जातं प्रत्यक्ष बिलातून. जादा प्लास्टर निघाल्यामुळे झालेलं काम जीएसटी सोडून १ कोटी ८६ लाख ४० हजारांचं होतं. चारही बिलं काढून मांडली तेव्हा चित्र असं दिसलं:

| बिल | रक्कम (रु.) | ५% रिटेन्शन (रु.) |
|---|---|---|
| पहिलं | ४२,००,००० | २,१०,००० |
| दुसरं | ५१,६०,००० | २,५८,००० |
| तिसरं | ४७,४०,००० | २,३७,००० |
| फायनल | ४५,४०,००० | २,२७,००० |
| एकूण | १,८६,४०,००० | ९,३२,००० |

फायनल बिलाबरोबर निम्मं, म्हणजे ४,६६,००० रुपये मिळाले. बाकीही ४,६६,०००. ‘अंदाजे’ लिहून हा माणूस स्वतःचे १६,००० रुपये सोडून देत होता. शिवाय सोसायटीच्या ताळेबंदात देणे बाजूला ४,६६,००० दिसत असणार. पत्रात वेगळा आकडा आला की खजिनदार तिथेच थांबतो. पत्र पाठवण्याआधी सोसायटीच्या हिशेबनिसाशी हा एकच आकडा फोनवर जुळवून घ्या.

दोन कराच्या गोष्टी इथेच तपासा. मूळ टॅक्स इन्व्हॉइस पूर्ण बिलाचं असेल तर जीएसटी तेव्हाच आकारलेला आहे, रिटेन्शनसाठी नवं इन्व्हॉइस काढायचं नाही. तसंच सोसायटीने पूर्ण बिलावर टीडीएस कापला असेल तर आता पुन्हा कापायचा नाही. तुमच्या २६ एएस मध्ये पाहून खात्री करा आणि पत्रात एका वाक्यात लिहा, नाहीतर ४,६६,००० ऐवजी कमी रकमेचा चेक हातात येतो.

दोषांचा हिशेब, आणि महिनाभर आधीची पाहणी

डीएलपी संपायच्या महिनाभर आधी संयुक्त पाहणीची मागणी करावी असं मी सांगतो तेव्हा बरेच ठेकेदार नको म्हणतात. ‘आपणच बोलावलं तर यादी काढतील.’ काढू द्या. मुदतीत निघालेली यादी ठरावीक असते, तिच्यावर तारीख असते, आणि ती पुरी केल्यावर तिच्यावरच सही घेता येते. यादीच नसेल तर मुदत संपल्यावर ‘बी विंगला ओल येते असं मेंबर म्हणत होते’ असं मोघम ऐकावं लागतं आणि त्याला उत्तर देता येत नाही.

आपल्या कामात १४ फेब्रुवारीला पाहणीचं पत्र दिलं, २४ ला सेक्रेटरी, कन्सल्टंट आणि ठेकेदार गच्चीपासून खाली उतरत आले. तीन गोष्टी निघाल्या: बी विंगच्या पॅरापेटवर भेग, जिन्यात प्लास्टरच्या केसाएवढ्या भेगा आणि एका डाउनटेक पाइपचा सुटलेला क्लॅम्प. १० मार्चपर्यंत तिन्ही कामं झाली आणि १२ मार्चला कन्सल्टंटने त्याच यादीवर ‘पूर्ण’ असं लिहून सही केली. पॅरापेटचे फोटो दुरुस्तीआधी आणि नंतर एकाच कोनातून काढले होते, शेजारची टाकी दोन्हींत दिसेल असे. मागे ओळखीची खूण नसेल तर फोटो कुठल्याही भिंतीचा वाटतो.

याआधी ९ जानेवारीला सोसायटीने गच्चीवर ओल असल्याचं पत्र दिलं होतं. दुरुस्ती २१ जानेवारीला झाली, म्हणजे कलम २३ च्या १५ दिवसांच्या आत. हे पत्रात आपणहून लिहा. तक्रार लपवली आणि नव्या कमिटीला ती फाइलमध्ये सापडली, तर बाकीच्या पत्रावरचाही विश्वास जातो. उलट तारीखवार लिहिलेली तक्रार तुमच्याच बाजूने बोलते.

कन्सल्टंटचं प्रमाणपत्र स्वतंत्र पत्राने मागा, सोसायटीला प्रत देऊन. कधी कन्सल्टंटची फी सोसायटीकडे अडकलेली असते आणि तो सही देत नाही. अशा वेळी मागणी केल्याची पोच जपून ठेवा आणि सोसायटीला लिहा की प्रमाणपत्र अमुक तारखेला मागितलं, मिळालं नाही, यादीवरची दुरुस्ती सेक्रेटरींनी पाहिली आहे. प्रमाणपत्र नसताना आहे असं भासवू नका. तिसरी अट अपुरी असली तर ती का अपुरी आहे हेच लिहा.

वॉटरप्रूफिंगच्या हमीचा अडथळा

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप: ‘वॉटरप्रूफिंगची गॅरंटी सात वर्षांची आहे, मग पैसे आत्ताच कसे सोडायचे?’ समोरच्याची भीती खरी असते, म्हणून तिला नीट उत्तर द्यायला हवं. कलम १४ मध्ये रिटेन्शन डीएलपीला बांधलेलं आहे, कलम ३१ च्या हमीला नाही. हमीसाठी वेगळा स्टॅम्प पेपर दिला आहे आणि रिटेन्शन सुटल्यावरही ती चालू राहते. मी हे वाक्य आक्षेप यायच्या आधीच पत्रात घालतो आणि हमीपत्राची प्रत पुन्हा जोडतो. मात्र आधी स्वतःच्या करारात पाहा. काही करारांत वॉटरप्रूफिंगच्या रकमेचा काही भाग हमीच्या काळापर्यंत राखायचा असं वेगळं लिहिलेलं असतं. तसं असेल तर तेवढी रक्कम मागणीतून वगळा.

पक्कं पत्र

> दिनांक : २० मार्च २०२५
> प्रति, चेअरमन / सेक्रेटरी / खजिनदार, (सोसायटीचं नाव)
> प्रत : (कन्सल्टंट)
>
> विषय : इमारत दुरुस्ती करार दि. …, कलम १४ नुसार उर्वरित रिटेन्शन रु. ४,६६,००० अदा करण्याबाबत.
>
> महोदय,
> वरील कराराखालचं काम १८ मार्च २०२४ रोजी पूर्ण झाल्याचं कन्सल्टंटच्या दि. २ एप्रिल २०२४ च्या सर्टिफिकेटमध्ये नमूद आहे (जोडपत्र १). कलम २२ नुसार १२ महिन्यांचा दोष दायित्व कालावधी १८ मार्च २०२५ रोजी संपला.
>
> या काळात आपण दि. ९ जानेवारीच्या पत्राने गच्चीवरील ओलीबाबत कळवलं. ते काम २१ जानेवारीला, कलम २३ च्या मुदतीत पूर्ण केलं. दि. २४ फेब्रुवारीच्या संयुक्त पाहणीतील तिन्ही बाबी दुरुस्त झाल्याचं कन्सल्टंटने दि. १२ मार्च रोजी प्रमाणित केलं आहे (जोडपत्र २). याखेरीज लेखी कळवलेला कोणताही दोष प्रलंबित नाही.
>
> चार बिलांतून कापलेलं एकूण रिटेन्शन रु. ९,३२,०००, फायनल बिलाबरोबर परत मिळालेलं रु. ४,६६,०००, बाकी रु. ४,६६,००० (तक्ता, जोडपत्र ३). या रकमेवरचा जीएसटी मूळ बिलांत आकारला असून टीडीएसही पूर्ण बिलांवर कापला गेला आहे.
>
> कलम ३१ ची वॉटरप्रूफिंग हमी स्वतंत्र असून ती पूर्वीप्रमाणेच चालू राहील (प्रत, जोडपत्र ४).
>
> कलम १४ मधील ३० दिवसांची मुदत १७ एप्रिल २०२५ रोजी पूर्ण होते. त्या तारखेपर्यंत रक्कम करारात दिलेल्या बँक खात्यात जमा करावी. एखादी रक्कम वळती करायची असल्यास ती कोणत्या लेखी सूचनेच्या व खर्चाच्या आधारे, हे त्याच मुदतीत कळवावं आणि वाद नसलेली रक्कम अदा करावी. हे पत्र फक्त रिटेन्शनपुरतं आहे.
>
> आपला, …

विषयातच कलम आणि रक्कम आहे, कारण कमिटीच्या बैठकीत बहुतेक वेळा विषयच वाचला जातो. कामाच्या दर्जाची स्तुती काढली, कारण ती आपण करून उपयोग नाही. १२ मार्चची सही ते काम करते. अडचणी काढल्या. कारवाईचा इशाराही काढला, पहिल्या पत्रात त्याची गरज नाही. ‘वाद नसलेली रक्कम अदा करावी’ हे वाक्य मात्र काढू नका. एका क्लॅम्पवरून पावणेपाच लाख अडवून ठेवणं त्यामुळे अवघड जातं. आंतरराष्ट्रीय कामांत वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या १९९९ च्या लाल पुस्तकातल्या नमुना करारातही १४.९ कलम याच विचाराने जातं: दोष दुरुस्तीचं काम बाकी असेल तर त्याच्या अंदाजित खर्चाएवढीच रक्कम रोखता येते. तुमच्या कराराला ते लागू नसेल तर पत्रात त्याचा आधार देऊ नका, बोलताना उदाहरण म्हणून सांगायला हरकत नाही.

‘फक्त रिटेन्शनपुरतं’ हेही मुद्दाम आहे. जादा कामाचा दावा बाकी असेल आणि चेक देताना ‘फुल अँड फायनल, नो क्लेम’च्या कागदावर सही मागितली, तर सही करण्याआधी बाकी दाव्यांचा उल्लेख त्याच कागदावर करून घ्या.

पत्र दिल्यानंतर

पत्र सोसायटीच्या ऑफिसात शिक्का आणि तारखेसह पोच घेऊन द्या, आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टानेही पाठवा. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकायला हरकत नाही, पण तेवढ्यावर थांबू नका.

१७ एप्रिल उलटली आणि उत्तर नसेल तर दुसरं पत्र अर्ध्या पानाचं पुरे. पहिल्या पत्राचा दिनांक, उलटलेली मुदत आणि आता व्याजाची मागणी. आपल्या करारात व्याजाचं कलम नाही, म्हणून व्याज मागत असल्याचं लेखी कळवणं इथे कामाला येतं. १९७८ च्या व्याज कायद्यात अशा लेखी मागणीच्या तारखेला महत्त्व आहे. दर आणि कुठल्या तारखेपासून, दोन्ही लिहा.

दावा करण्याची मुदत साधारणपणे तीन वर्षांची असते आणि ती रक्कम देय झाल्यापासून चालते. तुम्ही पाठवलेल्या स्मरणपत्रांनी ती वाढत नाही. समोरच्याने मुदतीच्या आत सही करून लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम भरून तशी लेखी नोंद केली, तर मुदत नव्याने सुरू होते. म्हणून ‘पुढच्या एजीएमनंतर देतो’ असं कुणी म्हटलं की सौम्यपणे सांगा, ‘साहेब, हेच दोन ओळींत लेटरहेडवर द्या.’ असं पत्र मिळालं तर थांबायला हरकत नाही. न मिळाल्यास मुदतीचा शेवट डायरीत लिहून ठेवा आणि सहा महिने आधीच वकिलाकडे फाइल न्या.

सरकारी कामात हा सगळा घाट वेगळा असतो. तिथे ही रक्कम सुरक्षा ठेव म्हणून कापली जाते आणि ती सुटायला आणखी कागद लागतात. सीपीडब्ल्यूडी म्हणजे केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या सर्वसाधारण अटींत कलम ४५ खाली लेबर ऑफिसरच्या क्लिअरन्सचा मुद्दा येतो, आणि त्यासाठी काम संपत आलं की लगेच अर्ज करायचा असतो. डीएलपी संपल्यावर ते आठवलं तर ठेव तेवढ्यासाठीच अडून राहते.

आपल्या उदाहरणातल्या ठेकेदाराला मी पत्राबरोबर एक पातळ फाइलही द्यायला सांगितलं. वर अनुक्रम, आत चार जोडपत्रं, प्रत्येकाला बाजूला चिकटवलेला नंबर. ती फाइल बैठकीत टेबलावर ठेवून सेक्रेटरींना पानं उलटता आली पाहिजेत, आणि कुठल्याही प्रश्नाला ‘हे बघा, जोडपत्र दोन’ एवढंच म्हणता आलं पाहिजे.